पंधरा सेकंद, तीनशे वेळा

हिवाळा सुरू झाला की प्रदर्शनांचा हंगाम येतो. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईतलं महालक्ष्मी सरस असो किंवा जिल्ह्याच्या गावी भरलेलं बचत गटांचं पाच दिवसांचं प्रदर्शन असो, मांडवात शिरलं की दोन्ही बाजूंनी हाका येतात. प्रत्येक स्टॉलवर कुणीतरी उभं असतं आणि समोरून चाललेल्या माणसाला थांबवून आपल्या मालाची ओळख करून देत असतं. माणूस चालत असतो, त्यामुळे वेळ मिळतो जेमतेम पंधरा सेकंद. तेवढ्यात तो थांबला तर थांबला, नाहीतर पुढच्या स्टॉलचा.

हे पंधरा सेकंद कसे बोलावेत, याचे धडे विक्रीकला शिकवणारे देतात. पण तेच पंधरा सेकंद दिवसातून तीनशे वेळा बोलल्यावर घशाचं काय होतं, हे मात्र सहसा प्रदर्शन संपल्यावर, सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाच्या बाकावर बसल्यावर कळतं.

अशाच एका बाईंची ही गोष्ट. राधानगरीकडच्या, वय पंचेचाळिशीचं. बारा जणींचा बचत गट, माल नाचणीचा: लाडू, बिस्किटं, सत्त्व, पापड, शेवया. गटात बोलायला धीट म्हणून स्टॉलवर उभं राहायचं काम त्यांच्याकडे, आणि पैसे घेणं, पिशव्या भरणं धाकट्या जावेकडे. पहिल्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी सुरुवात केली ती अशी:

“या ताई, या दादा, बघून तरी घ्या, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, आमचा बारा महिलांचा बचत गट आहे, नाचणीचे लाडू आहेत, बिस्किटं आहेत, सत्त्व आहे, पापड आहेत, शेवया आहेत, सगळं घरगुती, मैदा नाही, साखर नाही, सगळं गुळातलं, शुगरवाल्यांना चालतं, हाडं मजबूत होतात, पोरांची वाढ चांगली होते, लाडवाचा डबा एकशे तीस, बिस्किटं साठ, चव बघा ना, चव बघायला पैसे नाहीत!”

हे सगळं एका दमात म्हणायला त्यांना पंचवीस सेकंद लागत. “एका दमात” हे शब्दशः घ्यायचं. बाईंना भीती अशी की मध्ये श्वास घेतला तर गिऱ्हाईक निघून जाईल. दुखण्याचं मूळ बरंचसं या भीतीत होतं.

आपण गप्प बसलेले असतो तेव्हा श्वास आत घेणं आणि बाहेर सोडणं यांना फारसा कमी-जास्त वेळ लागत नाही. बोलताना हे प्रमाण पार बदलतं. झटकन आत, मग सावकाश बाहेर, आणि बाहेर जाणाऱ्या त्या हवेवर शब्द. छाती भरलेली असते तेव्हा ती फुग्यासारखी आपोआप मिटू पाहते, त्यामुळे बोलायला लागणारा हवेचा दाब जवळजवळ फुकट मिळतो. साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसं ज्या पातळीवर येऊन विसावतात, तिथपर्यंत हा फुकटचा माल पुरतो. नेहमीच्या बोलण्यात तो तीन ते पाच सेकंदांत संपतो आणि माणूस नकळत पुन्हा श्वास घेतो. जो घेत नाही त्याला पुढची हवा पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनी पिळून काढावी लागते. हवा कमी, दाब कमी आणि आवाज तर टिकवायचा आहे, म्हणून मग घसा आवळला जातो. मानेच्या शिरा दिसू लागतात, हनुवटी पुढे येते. स्टॉलवरच्या कुणाकडेही दोन मिनिटं पाहा: वाक्याच्या शेवटी मान ताणलेली दिसली आणि शेवटचे शब्द किरकिरे आले, तर तो माणूस उधारीच्या हवेवर बोलतो आहे असं समजावं.

आवाज तयार होतो तो स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमुळे. बायकांमध्ये यांची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पुरुषांमध्ये थोडी जास्त. बाहेर जाणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटतात आणि सुटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या साधारण दोनशे वेळा. आवाज चढवला की पट्टीही वर जाते आणि हा आकडा वाढतो, शिवाय प्रत्येक आपट जास्त जोराची होते.

आता बाईंचा हिशेब मांडू. ढोबळ आहे, पण अंदाज येण्यापुरता खरा आहे. दिवसाला तीनशे माणसं, प्रत्येकासाठी पंचवीस सेकंद: सात हजार पाचशे सेकंद, म्हणजे दोन तासांहून जास्त. बोलण्यातला निम्मा वेळ विराम आणि ‘क’, ‘त’, ‘स’ अशा स्वरतंतू न हलवता निघणाऱ्या व्यंजनांत जातो, तो सोडून देऊ. चढ्या आवाजात सेकंदाला २४० आपटी धरल्या तर दिवसाला नऊ लाख होतात. टाळी वाजवणाऱ्या हातांचं जे होतं तेच इथं होतं: आधी लाली, मग सूज.

पण बाई आवाज चढवून बोलत होत्या, हे त्यांना स्वतःला माहीतच नव्हतं. “मी ओरडले नाही हो, साधंच बोलत होते,” असं त्यांनी नंतर डॉक्टरांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली या गोष्टीचं वर्णन प्रसिद्ध केलं. बोलणाऱ्या माणसाच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज आपोआप चढतो आणि गोंगाट थांबवला की आपोआप उतरतो. त्या माणसाला दोन्हींचा पत्ता नसतो. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्याला पकडायलाही ही युक्ती वापरली गेली, कारण खरोखर ऐकू न येणाऱ्याचा आवाज गोंगाटाने चढत नाही. समोरासमोर बसून शांत खोलीत आपण साठ डेसिबलच्या आसपास बोलतो. भरलेल्या मांडवात शेजारचा मिक्सर, आयोजकांचा भोंगा आणि लोकांचा कलकलाट मिळून गोंगाटच त्याच्या वर जातो. बाईंचा आवाज त्याच्याही वर जायला धडपडत होता, आणि पलीकडच्या स्टॉलवरचा लोणचेवाला बाईंच्या वर.

एवढं करून गिऱ्हाइकाला नीट ऐकू जात होतं का, तर नाही. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांनी लाडवाच्या डब्याचे एकशे वीस रुपये पुढे केले आणि दहा रुपयांवरून वाद झाला. बाईंना वाटलं लोक लबाडी करतायत. लोकांना वाटलं बाई बोलून फिरतायत. खरं कारण दोघांच्या मधल्या हवेत होतं. ‘वीस’ आणि ‘तीस’ यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. स्वरांमध्ये जोर असतो, ते गोंगाटातूनही पोचतात. ‘त’, ‘क’, ‘स’, ‘श’ ही व्यंजनं मुळातच अशक्त, आणि त्यांचा बराचसा ध्वनी वरच्या पट्टीतला. माणूस ओरडतो तेव्हा वाढतो तो मुख्यतः स्वरांचा जोर, व्यंजनं मागेच राहतात. म्हणून ओरडून बोललेलं लांब जातं, पण स्पष्ट होतंच असं नाही. त्यात साठीच्या पुढच्या माणसांचं वरच्या पट्टीचं ऐकणं वयाने आधीच कमी झालेलं असतं, आणि प्रदर्शनात नाचणीचे लाडू घ्यायला थांबणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ असतात.

पहिल्या रात्री बाईंचा घसा कोरडा पडला होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज जाड झाला. घरून फोन आला तर मुलाने विचारलं, सर्दी झाली का. तिसऱ्या दिवशी मधूनमधून शब्द गायब होऊ लागले. घशात काहीतरी अडकलंय असं वाटून त्या सारख्या खाकरत होत्या. प्रत्यक्षात अडकलेलं काही नव्हतं, सुजलेले स्वरतंतूच कफासारखे भासत होते. खाकरणं म्हणजे तेच सुजलेले तंतू एकमेकांवर जोरात आपटणं, त्यामुळे सूज वाढते, आणि सूज वाढली की पुन्हा खाकरावंसं वाटतं.

उपाय सगळे झाले. हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर, शेजारच्या स्टॉलवरच्या ताईंनी दिलेला आल्याचा काढा. यांनी बरं वाटतं, आणि बरं वाटणं वाईट नाही. पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही. जायला लागलं तर ठसका लागून जीव घाबराघुबरा होईल, कारण ती वाट फुप्फुसांची आहे. प्यालेलं पाणीही अन्ननलिकेतूनच जातं. त्याचा फायदा होतो तो शरीरभर फिरून, काही तासांनी. म्हणून तहान लागेपर्यंत थांबून मग बाटली रिकामी करण्यापेक्षा सकाळपासून घोट-घोट घेणं बरं. स्टॉलवरच्या बायका मात्र मुद्दाम पाणी कमी पितात. कारण सांगायला नको. मांडवापासून स्वच्छतागृह किती लांब असतं आणि कोणत्या अवस्थेत असतं, हे ज्या तिथे दहा तास उभ्या राहतात त्यांनाच ठाऊक. स्वरतंतूंना थेट ओलावा मिळतो तो श्वासातून जाणाऱ्या वाफेनेच, तीही साध्या पाण्याच्या. आणि रात्री मुक्कामाच्या हॉलवर बाई कुजबुजत बोलत होत्या, आवाज वाचावा म्हणून. कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे. पुष्कळ लोक कुजबुजताना स्वरयंत्र उलट जास्तच आवळतात. आवाजाला विश्रांती द्यायची तर गप्प बसायचं, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात चार शब्द बोलायचे.

चौथ्या दिवशी दुपारी आवाज गेला. उरलेले दीड दिवस जावेने किल्ला लढवला.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाईंचा आवाज तीन-चार दिवसांत हळूहळू गेला. कधीकधी ओरडता ओरडता एका क्षणी आवाज फाटतो आणि जातो, जणू वायर तुटली. तेव्हा स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता असते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांत हा धोका जास्त. (या गोळ्या हृदयासाठी दिलेल्या असतात, त्या मनाने बंद करायच्या नाहीत.) अशा वेळी “संध्याकाळपर्यंत रेटू” म्हणू नये. बोलणं तिथेच पूर्ण थांबवावं आणि एक-दोन दिवसांतच घसा तपासून घ्यावा.

साधी सूज बहुधा आठ-दहा दिवसांच्या कमी बोलण्याने उतरते. बाईंची उतरली नाही. गावी गेल्यावर लाडवांच्या ऑर्डरी, फोन, गटाच्या बैठका, सगळं त्याच बसक्या आवाजात चालू राहिलं. तीन आठवडे उलटल्यावर त्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आल्या. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहायलाच हवं, नुसत्या गोळ्यांवर काढायचं नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा विडीची सवय असेल, गिळताना दुखत असेल, कानात कळ येत असेल किंवा मानेला गाठ लागत असेल तर तीन आठवडेही थांबू नये, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण पुष्कळदा असाच बसलेला आवाज असतो. बाईंना मिश्रीची सवय होती. तेव्हा डॉक्टरांच्या मनात आधी कोणती शंका आली असेल ते सांगायला नको.

दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा दोन्ही स्वरतंतूंच्या कडेवर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, समोरासमोर दोन लहान पांढरट उंचवटे दिसले. तंतू सर्वांत जोराने आपटतात ती हीच जागा. फावडं धरून तळहाताला घट्टा पडावा तसे हे घट्टे. गायक, शिक्षिका, फेरीवाले यांच्यात नेहमी दिसतात. या उंचवट्यांमुळे तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा सुटते, म्हणून आवाज घोगरा आणि दमेल असा येतो. कर्करोग नव्हता. बाईंनी विचारलं, “ऑपरेशन करून काढून टाकता येतील का?” काढता येतात, पण पहिला उपाय तो नाही. बोलण्याची रीत तीच राहिली तर घट्टे परत येतात. रीत बदलली तर ताजे, मऊ घट्टे बहुतेकदा आपणहून बसतात. मिश्री सोडायला सांगून डॉक्टरांनी त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे काम सुरू झालं ते स्टॉलवरच्या बोलण्यापासूनच. “ताई, तुम्ही तिथे जे म्हणता ते मला म्हणून दाखवा,” असं म्हणत त्या मुलीने घड्याळ लावलं आणि सगळं कागदावर उतरवून घेतलं. मराठीत सावकाश, कळेल असं बोलताना सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात. पंधरा सेकंदांत तीस-पस्तीस, आणि श्वासाची जागा सोडली तर तीसच्या आतच. बाईंचे शब्द याच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यात पदार्थ पाच, गुण सात, किमती दोन. ऐकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी तीन-चार नव्या गोष्टी राहतात. त्यापुढची प्रत्येक नवी गोष्ट आधीची एक बाहेर ढकलते. म्हणजे बाईंच्या नऊ लाख आपटींतल्या निम्म्याहून जास्त कुणाच्या लक्षात राहण्याजोग्याच नव्हत्या.

कापाकापी सुरू झाली. पदार्थ एकच ठेवायचा, सर्वांत खपणारा. बाकीचे टेबलावर दिसतातच. “घ्यायलाच पाहिजे असं नाही” काढलं. बाईंनी थोडी कुरकुर केली. त्यांच्या मते ते सभ्यपणाचं वाक्य होतं, आणि ते काही अंशी खरंही होतं.

एक वाक्य मात्र विभागातल्या डॉक्टरांनी स्वतः खोडलं: “शुगरवाल्यांना चालतं.” नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट आहे, आणि खुशाल सांगावं. पण नाचणीत पिष्टही भरपूर आहे, आणि लाडवात गूळ आहे. गूळ रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवतो. प्रदर्शनात ऐकलेल्या या दोन शब्दांवर विसंबून रोज दोन लाडू खाणारा मधुमेही तीन महिन्यांनी त्याच रुग्णालयात येतो, आणि गोळी वाढवावी का याची चर्चा होते तेव्हा लाडवाचा उल्लेखही होत नाही. “तुमच्या घशापेक्षा हे वाक्य महाग पडेल, ताई,” असं डॉक्टर म्हणाल्या. कायद्यानेही ते महागच आहे. अन्नपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला अन्न सुरक्षेच्या २०१८च्या नियमांनी मनाई आहे. जादूटोण्याच्या आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरचा १९५४चा कायदा तर जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणेलाही धरतो, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे. “मी कुठे छापलंय, मी तर नुसतं बोलले” ही सबब तिथे चालत नाही.

उरलं ते असं:

“ताई, हा नाचणीचा लाडू. — नाचणी आमच्याच शेतातली, तुपात भाजून गुळात वळलेली. — आम्ही राधानगरीच्या बारा जणी घरीच करतो. — डबा एकशे तीस. चव बघून ठरवा.”

जिथे आडवी रेघ आहे तिथे श्वास. तोंड किंचित उघडून, खांदे न उचलता, पोट सैल सोडून. बाईंना हे विराम सुरुवातीला युगासारखे वाटले. घड्याळात ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचेही नव्हते. आणि गिऱ्हाईक त्या अर्ध्या सेकंदात पळून जात नाही, उलट त्याला आधीचं वाक्य पोचायला तेवढा वेळ लागतोच. किंमत मुद्दाम चवीच्या आधी ठेवली. बिस्किटाचा तुकडा तोंडात असलेल्या माणसाला स्वतःच्या चावण्याचा आवाज हाडांवाटे थेट कानात ऐकू येतो, तेव्हा त्याला आकडे सांगून उपयोग नसतो. “एकशे तीस” हा आकडा पुठ्ठ्यावर हातभर मोठा लिहून लावला. तो वाद तिथेच मिटला.

दुसरा बदल उभं राहण्याच्या जागेचा. आधी बाई टेबलाच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहत. गिऱ्हाईक दोन मीटरवर. आता त्या टेबलाच्या कोपऱ्याशी पुढे येऊन उभ्या राहू लागल्या, अंतर एक मीटर. अंतर निम्मं झालं की ऐकणाऱ्याकडे पोचणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे त्याचा दाब दुप्पट होतो. तेवढंच घशातून काढायचं म्हटलं तर बऱ्यापैकी ओरडावं लागतं. एक पाऊल पुढे टाकल्याने ते फुकटात मिळतं. शिवाय तोंड समोर राहतं. गोंगाटात माणूस ओठही वाचत असतो, त्याला ते कळत नसलं तरी. समबी आणि पोलॅक या दोघांनी १९५४मध्ये हे मोजून दाखवलं: गोंगाट जितका जास्त, तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा जास्त. खाली डब्यात बघत सांगितलेली किंमत म्हणूनच वाया जाते. भोंगा चालू असेल तेव्हा बोलायचंच नाही, नुसता लाडवाचा तुकडा पुढे करायचा. आणि चालत्या माणसाला हाक मारायची नाही, ज्याची पावलं मंद झाली किंवा नजर टेबलाकडे वळली त्याच्याशीच बोलायचं.

कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि गालाजवळचा माइक हाही एक मार्ग आहे. शिक्षकांवर झालेल्या अभ्यासांत अशा माइकने आवाजाच्या तक्रारी कमी झालेल्या दिसल्या आहेत. पण वर्गात एकच शिक्षक असतो. मांडवात साठ स्टॉल असतात, आणि एकाने स्पीकर लावला की बाकीच्या एकोणसाठांचा आवाज चढतो. आयोजकांनी त्यावर बंदी घातली तर ती योग्यच म्हणायची.

आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा उजवीकडचा उंचवटा गेला होता, डावीकडचा जेमतेम जाणवत होता. आवाज पूर्वीसारखा झाला, असं घरचे म्हणाले. बाईंचं म्हणणं, अंगाईतला वरचा सूर अजून पूर्ण येत नाही. हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. साध्या बोलण्यात न कळणारी सूज हळू आणि उंच पट्टीत गायलं की उघडी पडते: सूर लगेच उमटत नाही, आधी नुसती हवा येते. उपचारतज्ज्ञांनी त्यांना ही चाचणी म्हणूनच शिकवली. रोज सकाळी, कुणाशी बोलण्याआधी, अंगाईची एक ओळ शक्य तितक्या हळू आणि शक्य तितक्या उंच. सूर आला तर दिवस नेहमीसारखा. अडखळला तर त्या दिवशी बोलणं निम्म्यावर.

पुढच्या हंगामात बाई पुन्हा स्टॉलवर होत्या. दिवसाला पावणेदोनशे-एकशे ऐंशी जणांशी बोलणं, प्रत्येकी पंधरा सेकंद: पाऊण तास. जवळून, आवाज न चढवता बोलल्यावर नऊ लाखांचा आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास आला होता. विक्री आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली नाही. थोडी वाढली, पण त्यात पुठ्ठ्यावरच्या आकड्याचा वाटा किती आणि त्या वर्षी जागा दाराजवळ मिळाली होती तिचा किती, हे सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या हॉलच्या पायरीवर बसून त्यांनी अंगाईची ओळ म्हणून पाहिली. पहिल्या दोन अक्षरांना नुसती हवा आली. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत गल्ल्यावर बाई बसल्या आणि टेबलाच्या कोपऱ्याशी जाऊ उभी राहिली. तिलाही ती चार वाक्यं पाठ होती, श्वासाच्या जागांसकट.